अनुभवाच्या रकान्यात काय लिहावे

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा विद्यार्थी उन्हाळी प्रशिक्षणासाठी एखाद्या कारखान्यास पहिला ई-मेल लिहावयास बसतो, तेव्हा त्याच्यापुढील खरी अडचण भाषेची नसून मजकुराची असते. कारण अर्जात जी बाब प्रथम पाहिली जाते, त्या पूर्वानुभवाच्या बाबीखाली लिहिण्यासारखे त्याच्याजवळ काहीच नसते, आणि ती रिकामी जागा कशीबशी भरून काढण्यासाठी तो आपल्या स्वभावाचे वर्णन करू लागतो. आपण कष्टाळू आहोत, जिज्ञासू आहोत, नवे ज्ञान त्वरित आत्मसात करतो, सर्वांशी मिळूनमिसळून वागतो, असे तो लिहितो. आणि यातील प्रत्येक विधान कदाचित खरेही असते. परंतु त्याच्या वर्गातील अन्य कोणीही त्याच मजकुराखाली सही केली असती, तरी त्यातील एकही वाक्य खोटे ठरले नसते, आणि म्हणूनच वाचणाऱ्याच्या लेखी त्या मजकुराला काही वजन नसते. ती जागा विशेषणांनी भरत नाही. एका प्रत्यक्ष घडलेल्या कृतीच्या तपशिलाने भरते. अशी कृती दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याजवळ बहुधा असते, मात्र ती लिहिण्याच्या योग्यतेची आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण कल्पनेने घेऊ. सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी एक विद्यार्थिनी कोल्हापूरनजीकच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील मध्यम आकाराच्या मशिन शॉपला लिहीत आहे, असे समजू. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात फौंड्र्या आणि त्यांच्या कास्टिंगवर पुढील काम करणारी मशिन शॉपे मोठ्या संख्येने आहेत, आणि तेथील पुष्कळ कारखान्यांत मनुष्यबळाचे स्वतंत्र खाते नसल्यामुळे असा मेल बहुधा स्वतः मालकाच्या अथवा उत्पादन पाहणाऱ्या व्यवस्थापकाच्याच हाती पडतो. हा वाचक धातूच्या कामात मुरलेला असतो आणि मोबाइलवर, दोन फोनांच्या मधल्या वेळात, पत्र वाचतो. मुलगी हुशार आहे किंवा नाही, हा त्याच्यापुढील पहिला प्रश्नच नसतो. हिच्यामागे माझ्या सुपरवायझरचा किती वेळ जाईल, हिला काही इजा झाली तर जबाबदारी कोणाची, आणि गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली ड्रॉइंगे बाहेर तर जाणार नाहीत ना, हे त्याचे प्रश्न असतात. ज्या मेलमध्ये या तिन्हींची उत्तरे न विचारता मिळतात, तो मेल दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा असूनही शेवटपर्यंत वाचला जातो.

केवळ इच्छा आणि तिच्यासोबत जोडलेला पुरावा यांतील अंतर विज्ञानाच्या इतिहासातील एका अर्जावरून उत्तम कळते. मायकेल फॅरेडे हा लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला, औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेला तरुण होता. विज्ञानाच्या क्षेत्रात कसलेही, अगदी हलके कामही, मिळावे म्हणून त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांस पत्र लिहिले, आणि त्याला उत्तर आले नाही. १८१२ साली त्याने हंफ्री डेव्ही यांची रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे आकृत्यांसह स्वच्छ अक्षरांत लिहून काढली, ती स्वतःच्या हातांनी बांधली, आणि तो ग्रंथ आपल्या विनंतीसोबत डेव्हींकडे पाठविला. या वेळी उत्तर आले, भेट झाली; जागा रिकामी नाही असे तेव्हा सांगण्यात आले, परंतु पुढे एक साहाय्यक काढून टाकला गेला तेव्हा डेव्हींना त्याची आठवण झाली आणि मार्च १८१३ मध्ये त्याची नेमणूक झाली. दोन्ही पत्रे लिहिणारा मनुष्य तोच होता आणि अनुभव त्याच्याजवळ दोन्ही वेळी नव्हताच. दुसऱ्या वेळी एवढेच झाले की, त्याच्या लक्षपूर्वकतेविषयी डेव्हींना त्याच्या शब्दावर विसंबावे लागले नाही, कारण ती त्यांच्या टेबलावर पडलेली होती.

आता आपल्या विद्यार्थिनीजवळ काय आहे ते पाहू. तिने आरंभी लिहिलेल्या मसुद्यात आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास मी स्वतःला भाग्यवान समजेन, अशा अर्थाची वाक्ये होती. ती तिने पुसली आणि मागील दोन सत्रांची जर्नले व कच्च्या वह्या काढून बसली, ही तिच्या तयारीतील निर्णायक गोष्ट होय. सापडलेली हकीकत अशी. महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये तिच्या तुकडीने लेथवर बावीस मिलीमीटर व्यासाचे अठरा जॉब केले होते, आणि मर्यादा अधिक-उणे ०.०५ मिलीमीटरची होती, म्हणजे २१.९५ पासून २२.०५ पर्यंतचा जॉब पास. निम्मे जॉब एका टेबलावर व निम्मे दुसऱ्या टेबलावर मोजले गेले. एक जॉब चुकून दोन्ही टेबलांवर गेला, आणि त्याच्या दोन रीडिंगांत ०.०३ चा फरक आला. पुष्कळांनी तो फरक हाताच्या दाबावर ढकलून दिला असता. हिने दोन्ही मायक्रोमीटरांचे जबडे कागदाने पुसले, रॅचेट फिरवून ते मिटविले, आणि पाहिले तर एक मायक्रोमीटर शून्यावर येत होता, दुसरा ०.०३ दाखवीत होता. याचाच अर्थ, त्या टेबलावरचे प्रत्येक रीडिंग खऱ्या व्यासापेक्षा ०.०३ ने जास्त लिहिले गेले होते. शिक्षकांना दाखवून व दुरुस्ती वजा करून तिने ते नऊ जॉब पुन्हा तपासले, तेव्हा जास्त व्यासाचे म्हणून नापास झालेले तीन जॉब प्रत्यक्षात मर्यादेत निघाले, आणि २१.९६ लिहून पास केलेला एक जॉब वस्तुतः २१.९३ चा, म्हणजे कमी व्यासाचा निघाला.

महाविद्यालयाच्या दृष्टीने ही एका दुपारची किरकोळ बाब होती, आणि तिने स्वतःही ती तशीच मानली होती. परंतु मशिन शॉपचा मालक ती कशी वाचील, याचा विचार करावा. व्यास जास्त असेल तर जॉब पुन्हा मशिनवर चढविता येतो. व्यास कमी झाला की तो भंगारात जातो. त्याहून वाईट म्हणजे, चांगला जॉब चुकून नापास झाला तर नुकसान घरातल्या घरात राहते, आणि वाईट जॉब चुकून पास झाला तर तो गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन पोचतो व तेथून तक्रारीसह परत येतो. तपासणीच्या टेबलावर एक सदोष मायक्रोमीटर काय करू शकतो, हे ज्याने सोसले आहे, त्याला या मुलीने पाहिलेली गोष्ट नेमकी कोणती आहे, हे दोन ओळींत कळते. त्याचे कुतूहल जागे होते आणि त्याला प्रश्न सुचू लागतात: रॅचेट वापरला होता का, दोन्ही रीडिंगे एकाच मुलाने घेतली होती का, पुढे तो मायक्रोमीटर कोणी सेट केला. मेलमध्ये लिहिलेली कृती अशा उलटतपासणीस टिकली पाहिजे, हीच तिची निवड करताना लावावयाची कसोटी होय. जी हकीकत मित्राची आहे, अथवा जो प्रकल्प गटातील दुसऱ्यानेच केला आहे, तो दुसऱ्या प्रश्नापाशीच कोसळतो.

हा सारा विचार करून तिने जो मेल पाठविला, तो येथे पूर्ण देतो; वाचक इंग्रजीत व्यवहार करणारा असता तर हाच मजकूर साध्या इंग्रजीत गेला असता.

विषय: ९ जूनपासून चार आठवडे तपासणी विभागात प्रशिक्षणाची विनंती – मेकॅनिकल, दुसरे वर्ष

माननीय महोदय,
सादर नमस्कार. मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षात शिकते. ९ जून ते ४ जुलै या काळात आपल्या मशिन शॉपच्या तपासणी विभागात मला प्रशिक्षणासाठी परवानगी मिळावी, अशी विनंती आहे.

कारखान्यात काम केल्याचा अनुभव मला नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये २२ मि.मी. व्यासाचे अठरा जॉब दोन मायक्रोमीटरांनी मोजले गेले. मर्यादा अधिक-उणे ०.०५ होती. एका जॉबचे दोन ठिकाणचे रीडिंग जुळेना, म्हणून मी दोन्ही मायक्रोमीटर तपासले. एकात ०.०३ चा झिरो एरर निघाला. दुरुस्ती करून पाहिल्यावर नापास ठरलेले तीन जॉब पास झाले आणि पास केलेला एक अंडरसाइज निघाला. रीडिंगांचा तक्ता सोबत आहे.

आपण ट्रॅक्टरच्या कास्टिंगचे मशिनिंग करता, असे आपल्या वेबसाइटवर वाचले. एखाद्या भागाच्या बोअरची रोजची रीडिंगे रजिस्टरमध्ये असतील, तर ती एक्सेलमध्ये भरून वेळेनुसार आलेख काढून देण्याचे काम मी करू शकेन. मशिन चालविण्याची परवानगी मी मागत नाही.

माझे वय १९ वर्षे पूर्ण आहे. महाविद्यालयाचे पत्र व अपघात विम्याचा दाखला मी आणीन; सेफ्टी शूज माझे आहेत. ड्रॉइंगचे किंवा भागांचे फोटो घेणार नाही, आणि माझा अहवाल आपणांस दाखवूनच महाविद्यालयात देईन. आपण सांगाल त्या दिवशी भेटीस येऊ शकते.

आपली विश्वासू,
(नाव, महाविद्यालय, मोबाइल क्रमांक)

या मेलमध्ये अनुभव नसल्याची गोष्ट एका छोट्या वाक्यात, क्षमायाचना न करता, सांगून टाकली आहे, आणि तिच्या लगतच्याच वाक्यापासून पुरावा सुरू होतो. ती गोष्ट लपविण्यात अर्थ नसतो, कारण दुसरे वर्ष हे शब्दच ती सांगून टाकतात. पण तिच्यावर परिच्छेद खर्च करणे हेही तितकेच निरर्थक होय. गुणांची टक्केवारी, शालेय बक्षिसे, अवगत संगणकप्रणालींची यादी ही सारी सोबतच्या एका पानाच्या बायोडेटात आहेत. मेलमध्ये त्यांना स्थान दिले असते, तर ते अठरा जॉब त्या गर्दीत हरवले असते.

तिने मागितलेल्या कामाचा आकार मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मिळेल ते काम करीन, असे लिहिणे नम्रपणाचे वाटते, परंतु त्यामुळे काम शोधण्याचा भार वाचणाऱ्यावर पडतो, आणि ज्याला आधीच वेळ नाही तो मनुष्य हा भार उचलीत नाही. याउलट, मी आपले रिजेक्शन कमी करून दाखवीन, हे आश्वासन दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या तोंडी शोभत नाही. वीस वर्षे त्याच प्रश्नाशी झगडणाऱ्या माणसाला ते वाचून पुढे वाचावेसेच वाटत नाही. रजिस्टरमधील आकडे आलेखावर आणणे हे यांच्या मधले काम आहे. बोअरिंग करताना टूलची धार झिजत जाते, तसतसे भोक क्रमाक्रमाने लहान होत जाते, आणि ऑपरेटरने इन्सर्ट बदलला किंवा ऑफसेट दिला की आकडा एकदम वर उडी घेतो. हा चढउतार आलेखावर सहज दिसतो, पण रजिस्टरच्या रकान्यांत, प्रत्येक रीडिंग मर्यादेत असल्यामुळे, तो कोणाच्या लक्षात येत नाही. विद्यार्थिनीला यातील सर्व काही आधीच ठाऊक असावयास हवे असे नाही. हे काम ती टेबलाशी बसून करू शकते, त्यात मशिन थांबत नाही, चुकले तरी माल बिघडत नाही, आणि सुपरवायझरला दिवसातून थोडाच वेळ द्यावा लागतो, एवढे मालकाने मनाशी जमेस धरले की त्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते.

वयाचा आणि विम्याचा उल्लेख कोरडा वाटेल, पण तो गाळू नये. अठरा वर्षांखालील व्यक्तीस कारखान्यात काम देण्यावर कायद्याने निर्बंध आहेत, म्हणून वय स्पष्ट लिहिलेले बरे. त्याचप्रमाणे आपली विनंती अभ्यासक्रमातील प्रशिक्षणाची आहे, हे महाविद्यालयाच्या पत्रावरून दिसले पाहिजे. अप्रेंटिस हा शब्द सैलपणे वापरला तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील करार, त्याची नोंदणी आणि विद्यावेतन ही सारी प्रक्रिया मालकाच्या डोळ्यांपुढे उभी राहते व तो मागे सरतो. विद्यावेतनाविषयी मात्र पहिल्या मेलमध्ये मौन राखावे, असे माझे मत आहे. ते मागूही नये आणि आपण होऊन सोडूनही देऊ नये. तो प्रश्न भेटीत, समोरासमोर, अधिक सन्मानाने सुटतो.

मेल कोणाच्या नावे पाठवावा, हे फोन करून विचारण्यात संकोच बाळगू नये. आपल्या विद्यार्थिनीने वेबसाइटवरील क्रमांकावर फोन लावला आणि विचारले, "नमस्कार साहेब, कॉलेजच्या मुलांच्या ट्रेनिंगचं तुमच्याकडे कोण बघतं?" उत्तर आले, "ते क्वालिटीचे साहेब बघतात, पण मालकांना विचारल्याशिवाय घेत नाहीत. मेल टाका, मी आयडी सांगतो." या एवढ्या संभाषणातून तिला दोन गोष्टी कळल्या: पत्ता कोणता, आणि हा मेल एकाने वाचून दुसऱ्याकडे फॉरवर्ड करावयाचा आहे. म्हणूनच तिने त्यात फोनचा हवाला देऊन अर्धवट काही लिहिले नाही. ज्याने फोन ऐकलेला नाही त्यालाही सर्व समजेल, असा तो स्वयंपूर्ण ठेवला. विषयाच्या ओळीत आधी महिना व विभाग आणि मग शिक्षण, हा क्रमही त्याच कारणाने आहे. मोबाइलच्या पडद्यावर ओळीचा आरंभच तेवढा दिसतो, आणि तेथे निव्वळ अर्ज किंवा विनंती असे शब्द असले तर तो मेल इतर पन्नासांसारखा दिसतो.

पाठविताना होणाऱ्या चुका थोड्या आहेत, परंतु त्या फार बोलक्या असतात. तक्ता गूगल ड्राइव्हवर ठेवून नुसती लिंक दिली आणि ती सर्वांसाठी खुली केली नाही, तर मालकाला तक्त्याऐवजी परवानगी मागण्याचा पडदा दिसतो, आणि तो परवानगी मागत बसत नाही; म्हणून फाइल पीडीएफ करून सोबतच जोडावी, आणि लिंक द्यावयाचीच असेल तर ती आपल्या खात्यातून बाहेर पडलेल्या ब्राउझरमध्ये उघडून पाहावी. जुन्या मसुद्यातून उचललेला परिच्छेद वेगळ्या अक्षरवळणात अथवा करड्या पार्श्वभूमीवर चिकटतो, आणि हा मजकूर आणखी कोठे कोठे गेला असेल याची साक्ष देतो. जीमेलमध्ये `Ctrl+Shift+V` वापरून चिकटविल्यास हा दोष राहत नाही. सर्वांत घातक चूक म्हणजे वीस कारखान्यांचे पत्ते एकाच `To` च्या ओळीत घालणे. तेथे प्रत्येकाला उरलेले एकोणीस दिसतात, आणि त्यांतील काही जण एकमेकांचे स्पर्धक असतात. फाइलला `resume final 2` असे नाव न देता आपले नाव व शाखा द्यावी, कारण ती दुसऱ्याच्या संगणकात उतरल्यावर तेथे तुमची ओळख सांगणारे दुसरे काही नसते.

संगणकशाखेचा विद्यार्थी असेल तर मायक्रोमीटरच्या जागी त्याने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम आणि त्यात त्याला सापडलेला एक दोष येईल. स्थापत्यशाखेचा असेल तर काँक्रीटच्या क्यूबची चाचणी आणि एका क्यूबचे बळ इतरांपेक्षा कमी का भरले याचा त्याने घेतलेला शोध येईल. मात्र नुसती चाचणी केली, एवढे पुरत नाही. सर्वांनीच ती केलेली असते. अपेक्षेप्रमाणे न आलेला आकडा, आणि तो पाहून त्याने पुढे काय केले, हा भाग त्याचा एकट्याचा असतो. जर्नलात असा आकडा सहसा सापडत नाही, कारण मुले तो खोडून अपेक्षित आकडा लिहितात. म्हणून तो आठवणीतून, अथवा कच्च्या वहीतून, शोधावा लागतो.

उत्तर न आल्यास आठ-दहा दिवसांनी त्याच मेलला उत्तर म्हणून चार ओळी लिहाव्यात, म्हणजे पूर्वीचा मजकूर खाली आपोआप राहतो. आणि त्या चार ओळींत केवळ स्मरण न देता काही नवे असावे, जसे महाविद्यालयाचे पत्र आता मिळाले आहे, किंवा तारखा एक आठवडा पुढे सरकविता येतील. त्यानंतरही उत्तर नसेल तर थांबावे. उत्तम मेललाही जी गोष्ट साधत नाही ती ही की, ज्या कारखान्यात शिकविण्यास माणूसच मोकळा नाही, तेथे तो माणूस निर्माण होत नाही. आणि पुष्कळ ठिकाणी ओळखीच्या मुलाला आधी जागा मिळते, हेही नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून परीक्षा संपण्याची वाट न पाहता, सुट्टीच्या दोन महिने आधी, आठ-दहा कारखान्यांची निवड करून प्रत्येकास स्वतंत्र मेल लिहावा. त्यांत हकीकतीचा परिच्छेद तोच राहील. बदलावयाचा तो त्यापुढील परिच्छेद, ज्यात त्या कारखान्याचे काम व आपली विनंती यांची सांगड घातलेली असते, आणि तेवढ्यासाठी प्रत्येक कारखान्याविषयी अर्धा तास वाचावे लागते.

नकार आला तर आभार मानून एक लहान विनंती करता येते: एखाद्या दिवशी तासभर तपासणी विभाग पाहू द्याल का. आणि होकार आला, तर त्याच दिवशी उत्तर देऊन तारखा पक्क्या कराव्यात, महाविद्यालयाचे पत्र कोणाच्या नावे हवे ते विचारावे, प्रवेशद्वारावर कोणते कागद दाखवावे लागतील याची चौकशी करावी, आणि त्या अठरा जॉबांचा तक्ता व कच्ची वही पहिल्या दिवशी बरोबर न्यावी, कारण क्वालिटीचे साहेब ते आकडे पुन्हा विचारतील.